विश्लेषण : एचडीएमआय केबलवरचा ‘२.१’ हा आकडा नेमके काय सांगतो?

अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत एचडीएमआय केबल मागितली, की समोर तीन-चार खोकी येतात. एकावर ‘२.०’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘२.१’, तिसऱ्यावर ‘८के’. किंमत दोनशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत कुठेही असू शकते. लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठला तरी चित्र फारसे बदलत नाही. फक्त खोकी वाढतात. विकणारा ‘टू पॉइंट वन आहे, डोळे झाकून घ्या’ असे सांगतो आणि घेणाराही आकडा मोठा म्हणून समाधानाने घरी येतो.

गोम अशी, की एचडीएमआयच्या नियमांनुसार केबलला आवृत्तीचा क्रमांक नसतोच. ज्या संस्थेकडे या तंत्रज्ञानाचे परवाने आहेत, तिनेच केबलच्या वेष्टनावर आवृत्ती क्रमांक छापण्यास मनाई केलेली आहे. म्हणजे खोक्यावर ठळक छापलेला ‘२.१’ हा दर्जाचा पुरावा नाही. उलट, बनवणाऱ्याने नियम वाचलेला नाही किंवा वाचून बाजूला ठेवला आहे, एवढेच त्यातून कळते. मग १२० किंवा १४४ हर्ट्झवर गेम खेळणाऱ्याने नेमके पाहायचे तरी काय?

आवृत्ती केबलची नसेल, तर कोणाची?

एचडीएमआयची आवृत्ती हा एक नियमग्रंथ असतो. तो टीव्ही, मॉनिटर, गेमिंग कन्सोल आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्यांसाठी असतो. यंत्राने कोणकोणत्या गोष्टी कराव्यात किंवा करू शकावे, याची ती यादी. पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती वाहून नेण्याची सोय केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.१ ने ही मर्यादा ४८ गिगाबिटपर्यंत नेली.

या सगळ्या काळात प्लग तोच राहिला आणि त्यातल्या १९ पिनाही त्याच राहिल्या. बदलला तो तारांचा वापर. केबलमध्ये वेगवान संदेशासाठी तारांच्या चार जोड्या असतात. २.० पर्यंतच्या पद्धतीत तीन जोड्यांतून चित्र जायचे आणि चौथी जोडी फक्त ताल धरायची, म्हणजे बिट कधी वाचायचा याची वेळ सांगायची. २.१ मधल्या नव्या पद्धतीत चौथ्या जोडीवरूनही चित्राची माहिती जाऊ लागली आणि प्रत्येक जोडीचा वेग सहा गिगाबिटवरून बारापर्यंत वाढला. केबल बाहेरून जुन्यासारखीच दिसते, पण तिच्याकडून अपेक्षित काम मात्र दुपटीहून जास्त झाले. नवी आणि जुनी केबल डोळ्यांनी ओळखता येत नाही, ती यामुळेच.

‘२.१’ लिहिलेला मॉनिटर तरी खरा असतो का?

तिथेही जपून. डिसेंबर २०२१ मध्ये टीएफटीसेंट्रल या मॉनिटरचे परीक्षण करणाऱ्या संकेतस्थळाने शाओमीच्या एका मॉनिटरचे उदाहरण पुढे आणले. त्या मॉनिटरच्या माहितीत एचडीएमआय २.१ असे लिहिले होते, पण त्याची क्षमता २.० मध्ये सहज बसणारी होती. विचारणा झाल्यावर परवाना संस्थेने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता : २.० ही आता वेगळी आवृत्ती राहिलेली नाही, ती २.१ मध्येच सामावली आहे. २.१ मधल्या नव्या गोष्टी ऐच्छिक आहेत. यंत्रावर २.१ लिहायचे असेल, तर त्यातले नेमके काय दिले आहे, हे बनवणाऱ्याने सांगायला हवे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की १८ गिगाबिटच्या पलीकडे न जाणारा मॉनिटरही ‘२.१’ म्हणून विकता येतो. त्यात ४८ गिगाबिट नसेल, १२० हर्ट्झवर ४के नसेल, गेमच्या गतीनुसार पडद्याचा वेग कमी-जास्त करणारी व्हीआरआर सुविधाही नसेल; तरी आकडा तोच. इमारतीच्या माहितीपत्रकात ‘क्लब हाऊस’ लिहिलेले असते, पण जलतरण तलाव आहे की फक्त कॅरमचे टेबल, हे जाऊन पाहावे लागते, तसाच हा प्रकार. त्यामुळे आवृत्ती विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरते. या पोर्टवर कोणते रिझोल्यूशन किती हर्ट्झला चालते? पोर्टची क्षमता किती गिगाबिट आहे? व्हीआरआर आहे का? ही माहिती उत्पादकाच्या तपशीलपत्रकात किंवा वापरपुस्तिकेत सापडते. खोक्यावरच्या ठळक अक्षरांत सहसा नाही.

मग केबलची खरी ओळख कोणती?

केबलला आवृत्ती नसली, तरी दर्जाची नावे आहेत. गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्यातली तीन लक्षात ठेवली तरी पुरे. ‘हाय स्पीड’ या नावाची जुनी केबल मुळात १०.२ गिगाबिटसाठी ठरवलेली आहे. ‘प्रीमियम हाय स्पीड’ ही १८ गिगाबिटसाठी तपासून प्रमाणित केलेली असते. तिच्या प्रमाणीकरणाची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ही ४८ गिगाबिटसाठी प्रमाणित असते. या शेवटच्या प्रकारात चाचणी सक्तीची आहे आणि ती प्रत्येक लांबीसाठी वेगळी करावी लागते. एखाद्या कंपनीची दोन मीटरची केबल उत्तीर्ण झाली, म्हणून तिचीच पाच मीटरची आपोआप उत्तीर्ण ठरत नाही.

केबलमध्ये ‘मी २.१ आहे’ असे सांगणारी चिप नसते. साधी केबल म्हणजे तांब्याच्या तारा आणि त्यांभोवतीचे आवरण. दहा वर्षांपूर्वीची, आखूड आणि नीट बनवलेली केबल ४८ गिगाबिटचा भारही पेलू शकते, आणि ‘८के’ छापलेली नवी केबल तीस गिगाबिटला धापा टाकू शकते. प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की हे कोणीतरी यंत्रावर मोजून पाहिले आहे. बाकी केबलच्या बाबतीत ते मोजण्याचे काम ग्राहकाच्या घरी, गेम ऐन रंगात आलेला असताना होते.

आपल्याला नेमके किती गिगाबिट लागतात?

हे गणित वहीच्या कोपऱ्यात मावते. पडद्यावरचे आडवे ठिपके, उभे ठिपके, सेकंदाला किती चित्रे आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी किती बिट, यांचा गुणाकार करायचा. साध्या रंगात प्रत्येक ठिपक्याला २४ बिट लागतात. ४के पडदा १२० हर्ट्झवर चालवायचा, तर हिशेब असा होतो :

३८४० × २१६० × १२० × २४ = सुमारे २३.९ अब्ज बिट, म्हणजेच सेकंदाला २३.९ गिगाबिट.

ही फक्त दिसणाऱ्या ठिपक्यांची गरज. दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मध्ये ठेवली जाणारी मोकळी जागा धरली, की टीव्हीच्या प्रमाण वेळापत्रकात ती सुमारे २८.५ गिगाबिटवर जाते. एचडीआरसाठी ठिपक्याला ३० बिट दिले, तर त्याहून वर. १८ गिगाबिटच्या केबलचा इथे निभाव लागत नाही, हे उघड आहे.

पण सगळेच ४के १२० हर्ट्झवर खेळत नाहीत. उपनगरांतल्या घरांत, जिथे एकाच टेबलावर अभ्यास, ऑफिसचे काम आणि गेम चालतात, तिथे २४ किंवा २७ इंची मॉनिटर जास्त सोयीचा. तोच हिशेब १०८०पी आणि १४४ हर्ट्झसाठी केला, तर उत्तर ७.२ गिगाबिट येते. १०८०पी आणि २४० हर्ट्झसाठी ते ११.९ येते. गंमत म्हणजे, ४के ६० हर्ट्झचा हिशेबही नेमका तेवढाच आहे : ठिपके चौपट, चित्रे एकचतुर्थांश. १४४०पी आणि १४४ हर्ट्झसाठी १२.७ गिगाबिट लागतात.

इथे एक बारकावा आहे. जुन्या पद्धतीत दर आठ बिटांमागे दहा बिट पाठवले जातात, त्यामुळे १८ गिगाबिटपैकी चित्राच्या वाट्याला १४.४ येतात. वरचे सगळे आकडे, मोकळी जागा कमीत कमी ठेवली, तर यात बसतात. म्हणजे १०८०पी २४० हर्ट्झ किंवा १४४०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर असणाऱ्याला प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरेशी आहे. तिच्याऐवजी महागडी केबल घेतली म्हणून रंग उजळत नाहीत आणि बटण दाबल्यावर प्रतिसादही लवकर मिळत नाही. डिजिटल संदेशात बिट नीट पोहोचले, की काम संपले.

मात्र १४४०पी मॉनिटर १६५ हर्ट्झचा असेल, तर नुसत्या ठिपक्यांनाच १४.६ गिगाबिट लागतात आणि १४.४ ची मर्यादा थोडक्यात ओलांडली जाते. खोक्यावर १६५ लिहिलेले अनेक मॉनिटर एचडीएमआयवर १४४ लाच थांबतात, त्याचे कारण हे आहे. तिथे केबल बदलून उपयोग नसतो, कारण मर्यादा पोर्टची असते. संगणकाला मॉनिटर जोडायचा असेल आणि दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर ती केबल वापरणे हा सरळ मार्ग. कन्सोलला तो पर्याय नाही.

बोरिवलीतल्या एका घराचे उदाहरण

हा सगळा हिशेब प्रत्यक्षात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी एक प्रातिनिधिक घर घेऊ. बोरिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. काही वर्षांपूर्वी हॉलचे काम करून घेतले, तेव्हा टीव्ही भिंतीवर गेला आणि तारा दिसू नयेत म्हणून इंटिरिअरवाल्याने पॅनेलमागून सात मीटरची एचडीएमआय केबल फिरवून खालच्या कपाटात आणली. केबलवर ‘४के’ असे छापलेले. सेट टॉप बॉक्स त्यावर उत्तम चालला. पुढे टीव्ही बदलून १२० हर्ट्झचा ४के टीव्ही आला, मग प्लेस्टेशन ५. कपाटात जागा होती, केबल तिथे होतीच, जोडली. गेम सुरू झाला, पण चित्र ६० हर्ट्झवरच.

पहिली पायरी कन्सोलच्या पडद्यावर आहे. `Settings` मध्ये `Screen and Video` आणि तिथे `Video Output` उघडले, की `Video Output Information` हे पान दिसते. सध्या कोणते रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ बाहेर पडत आहे, हे ते सांगते. इथे दोन्ही आकडे वाचायला हवेत, कारण १२० हर्ट्झ मिळवण्यासाठी कन्सोल कधीकधी चित्र १०८०पीवर उतरवतो आणि खेळणाऱ्याला वाटते, सगळे जमले. त्याच ठिकाणी `Enable 120 Hz Output` हा पर्याय बंद नाही ना, हेही पाहावे. शिवाय गेम स्वतः १२० हर्ट्झला चालणारा हवा. सगळे गेम तसे नसतात.

दुसरी पायरी टीव्हीची. चार पोर्ट असले, तरी अनेक टीव्हींत त्यातले दोनच ४के १२० हर्ट्झ घेतात. बहुधा पोर्टशेजारी तसे बारीक अक्षरांत छापलेले असते. या घरात भिंतीतली केबल पहिल्या पोर्टला होती आणि वेगवान पोर्ट तिसरा आणि चौथा होता. केबल हलवली. त्यानंतरही बऱ्याच टीव्हींत त्या पोर्टचा वेगवान प्रकार मेन्यूतून चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याचे नाव `Input Signal Plus`, तर सोनीमध्ये `HDMI signal format`. मध्ये साउंडबार असेल आणि कन्सोल त्यातून टीव्हीला जात असेल, तर साउंडबारची मर्यादा हीच सगळ्या साखळीची मर्यादा ठरते. अशा वेळी कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ईएआरसी पोर्टमधून साउंडबारकडे न्यावा. फक्त, काही टीव्हींत दोन वेगवान पोर्टांपैकी एक हाच ईएआरसी पोर्ट असतो; मग कन्सोलसाठी एकच उरतो.

पोर्ट बदलल्यावर या घरात १२० हर्ट्झ दिसू लागले, पण नवे दुखणे सुरू झाले. दर काही मिनिटांनी पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा आणि चित्र परत यायचे. केबल कमी पडत असल्याचे हे सर्वांत ओळखीचे लक्षण. दुसरे लक्षण म्हणजे चित्रात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकणे. तिसरे अधिक फसवे : चित्र स्थिर असते, पण यंत्राने गुपचूप खालचा वेग पकडलेला असतो. केबल कमी पडली म्हणून चित्र पुसट होत नाही किंवा रंग फिके पडत नाहीत. तसे दिसत असेल, तर कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधावे.

हे असे का होते? कन्सोल आणि टीव्ही जोडले जातात, तेव्हा आधी मंद वेगाच्या वेगळ्या तारांवरून बोलणे होते : टीव्ही ‘मला ४के १२० चालते’ असे सांगतो. या बोलण्यात केबल आपली कुवत सांगत नाही. तिला ते सांगताच येत नाही. मग दोघे ठरलेल्या वेगाने पाठवून पाहतात आणि जमले नाही, तर खालच्या वेगावर येतात. सात मीटरच्या बारीक तारांतून जाताना संदेश इतका क्षीण होतो, की सुरुवातीची चाचणी कशीबशी पार पडते, पण पुढे चुका साचतात आणि जोडणी तुटून पुन्हा जुळते. तो जुळण्याचा काळ म्हणजेच काळा पडदा.

दोषी ठरवण्याची खात्रीची पद्धत अदलाबदलीची आहे. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल येते. कन्सोल काही काळ टीव्हीखालच्या स्टुलावर ठेवून तीच केबल त्याच वेगवान पोर्टला लावली आणि त्याच गेमचा तोच भाग तासभर खेळून पाहिला. पडदा एकदाही काळा झाला नाही. टीव्ही तोच, पोर्ट तोच, सेटिंग तेच. बदलली फक्त केबल. दोष भिंतीतल्या केबलचा, हे ठरले. आणि मुळात या घरात नव्या केबलचा एक रुपयाही खर्च न करता अर्धा प्रश्न सुटला होता, कारण हवी ती केबल खोक्यात पडून होती.

जाता जाता एक नोंद. प्लेस्टेशन ५ चा पोर्टही पूर्ण ४८ गिगाबिटचा नाही, तो ३२ गिगाबिटपर्यंत जातो. म्हणून ४के १२० हर्ट्झला तो रंगाची माहिती थोडी आटवून पाठवतो आणि माहितीच्या पानावर `YUV422` असे दिसते. हा केबलचा दोष नाही. अधिक महाग केबल आणून ती अक्षरे बदलणार नाहीत.

केबल भिंतीत असेल, तर काय?

या घरापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, कन्सोल टीव्हीजवळच्या छोट्या फळीवर हलवून आखूड केबल वापरणे. साध्या तांब्याच्या ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल साधारण तीन मीटरपर्यंत सहज मिळतात. पाच मीटर ही त्यांची जवळपास हद्द समजावी. जमत असेल, तर हाच मार्ग सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ.

दुसरा, गरज कमी करणे. प्लेस्टेशन ५ ला २०२२ मध्ये १४४०पीची सोय मिळाली. टीव्ही ते रिझोल्यूशन स्वीकारत असेल, तर १४४०पी १२० हर्ट्झला दिसणाऱ्या ठिपक्यांचे १०.६ गिगाबिट लागतात. भिंतीतली केबल १८ गिगाबिट पेलणारी असेल, तर पॅनेल न उघडता १२० हर्ट्झ मिळते. सोफ्यावर बसून वेगवान गेम खेळणाऱ्याला ४के आणि १४४०पीमधला फरक त्या गडबडीत क्वचितच जाणवतो. ६० आणि १२० मधला मात्र जाणवतो.

तिसरा, भिंतीतली केबल बदलणे. सात मीटरसाठी तांबे सोडून ऑप्टिकल केबल घ्यावी लागते. तिच्या दोन्ही टोकांना चिप असतात आणि मध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. तिला दिशा असते : एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असे इंग्रजीत लिहिलेले असते. उलटी टाकली, तर पडदा कोराच राहतो, आणि पॅनेल बंद केल्यावर हे लक्षात आले, की सुताराला पुन्हा बोलवावे लागते. म्हणून भिंतीत सारण्याआधी ती जमिनीवर पसरून दोन्ही टोके जोडून चालवून पाहावी. तंतू काचेचा असल्याने तिला काटकोनात मुरड घालू नये.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे आणि नव्या घरांत टीव्हीची भिंत हा पहिला खर्च असतो. अशा वेळी केबल निवडण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती प्लास्टरमध्ये थेट न गाडणे. प्लग सहज सरकेल एवढ्या रुंद पाइपातून केबल न्यावी, वळणे मोठी ठेवावीत आणि आत एक ओढदोरी सोडून ठेवावी. केबलचा दर्जा काही वर्षांनी बदलतो. पाइप तोच चालतो.

दुकानात उभे राहून काय तपासावे?

प्रमाणित ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबलच्या खोक्यावर क्यूआर कोड आणि होलोग्राम असलेले लेबल असते. परवाना संस्थेचे `HDMI Cable Certification` हे मोबाइल ॲप त्यासाठी आहे. ते उघडून कोड स्कॅन केला, की प्रमाणपत्राची नोंद दिसते. फक्त हिरवी खूण पाहून थांबू नये. नोंदीतला ब्रँड, मॉडेल आणि लांबी हातातल्या खोक्याशी जुळते का, हे पाहावे, कारण लेबलचे चित्र कोणीही छापू शकतो. केबलच्या बाह्य आवरणावरही दर्जाचे नाव पूर्ण छापलेले असायला हवे. ऑनलाइन खरेदीत हे घरी आल्यावरच करता येते. म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत स्कॅन आणि तासाभराची चाचणी, दोन्ही उरकावे.

सोन्याचा मुलामा, जाड वेणीदार आवरण, ‘८के’, ‘थ्रीडी’, ‘२.१’ ही सगळी सजावट आहे. मुलाम्यामुळे प्लग गंजत नाही, हे खरे. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोगही आहे. पण त्याने गिगाबिट वाढत नाहीत. उलट, वेष्टित वस्तूंवर कायद्याने आवश्यक असलेली माहिती, म्हणजे उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क, खोक्यावर नसेल, तर पुढचे काही वाचायचीही गरज नाही. बिल घेताना त्यावर नुसते ‘एचडीएमआय केबल’ न लिहिता दर्जाचे नाव आणि लांबी लिहून घ्यावी. दावा खोटा ठरला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काहीतरी असते.

आता ‘२.२’ आली आहे, तिचे काय?

एचडीएमआयची २.२ आवृत्ती जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची कमाल क्षमता ९६ गिगाबिट आहे आणि त्यासाठीच्या केबलचे नाव ‘अल्ट्रा९६’. आवृत्तीचा आकडा इथेही केबलच्या नावात नाही, तरी बाजारातल्या खोक्यांवर ‘२.२’ छापले जाणारच. प्लेस्टेशन ५ किंवा आजचा १२० हर्ट्झचा टीव्ही असणाऱ्याला त्यातून काहीच जास्त मिळणार नाही, कारण साखळीतली दोन्ही टोके तेवढे मागतच नाहीत.

ग्राहकाने वाचायला शिकावे, हे ठीक. पण आकड्यांचा हा गोंधळ त्याने निर्माण केलेला नाही. १८ गिगाबिटच्या पोर्टला ‘२.१’ म्हणण्याची मुभा परवाना संस्थेनेच ठेवली आणि विकणाऱ्यांनी तिचा पुरेपूर वापर केला. टीव्ही आणि मॉनिटरच्या खोक्यावर प्रत्येक पोर्टची क्षमता गिगाबिटमध्ये लिहिणे सक्तीचे केले, तर हे विश्लेषण अर्ध्या पानात संपले असते. तोवर बोरिवलीतल्या त्या घराने जे केले, ते कोणालाही करता येईल : आधी यंत्रे किती मागतात ते मोजावे, मग खोक्यात आलेली केबल लावून पाहावी, आणि तिची लांबी पुरत नसेल, तरच दुकानाची पायरी चढावी.